जाड बार आणि ३४ हजारांची तफावत

दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला कारखान्याच्या मीटिंग रूममध्ये एक रिपोर्ट टेबलावर येतो. मागच्या महिन्यात पूर्ण झालेल्या सगळ्या प्रॉडक्शन ऑर्डर त्यात ओळीने असतात आणि शेवटच्या रकान्याचं नाव असतं व्हेरिअन्स, म्हणजे तफावत. जॉब जितक्या खर्चात व्हायला हवा होता आणि जितक्या खर्चात झाला, त्या दोन आकड्यांमधला फरक. मी कॉस्टिंगचं काम करते, त्यामुळे हा रिपोर्ट बहुतेक वेळा मीच टेबलावर ठेवते. आणि तो ठेवल्यावर सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात हेही मी अनेकदा पाहिलंय. शॉपच्या सुपरवायझरकडे.

भोसरीच्या एका कारखान्यात असंच झालं होतं. पंपाचा शाफ्ट, १,००० नगांची ऑर्डर, आणि तिच्यासमोर ३४,००० रुपयांची तफावत. दोन लाखांच्या ऑर्डरवर ३४ हजार जास्त. सुपरवायझर एवढंच म्हणाला, “मॅडम, पोरांनी काम बरोबर केलंय. एकदा खाली येऊन बघा.” मी खाली गेले. तिथे जे सापडलं ते सविस्तर सांगते, कारण एका ऑर्डरचा हिशेब नीट सोडवला की ईआरपीमधली कुठलीही तफावत कशी वाचायची ते कळतं. हिशेब डोक्यात राहावा म्हणून आकडे मी गोल केले आहेत.

आधी हा शाफ्ट २०० रुपयांत व्हायला हवा, हे कोणी ठरवलं ते पाहू. ईआरपीमध्ये प्रत्येक जॉबच्या मागे दोन याद्या असतात. एक बीओएम, म्हणजे एका नगाला कुठला माल किती लागतो त्याची यादी. दुसरी राउटिंग, म्हणजे कुठल्या मशिनवर किती मिनिटं लागतात त्याची यादी. या शाफ्टच्या बीओएममध्ये ४० मिलिमीटर व्यासाचा ईएन ८ पोलादाचा बार नगामागे २ किलो लिहिला होता, दर किलोला ७० रुपये. राउटिंगमध्ये सीएनसी लेथवर ६ मिनिटं. तासाला ऑपरेटरचे १५० रुपये आणि मशिनच्या ओव्हरहेडचे ४५०. म्हणजे माल १४०, मजुरी १५, ओव्हरहेड ४५, एकूण २००. याला स्टँडर्ड कॉस्ट म्हणतात. ही वर्षाच्या सुरुवातीला ठरते आणि सहसा वर्षभर गोठवून ठेवली जाते. ती बाजारभाव दाखवत नाही. ती आपणच आपल्याला दिलेला शब्द असते.

आता प्रत्यक्ष. ऑर्डर १,००० नगांची होती, पण चांगले नग निघाले ९६०, आणि ४० रिजेक्ट झाले. स्टोअरमधून बार गेला २,२०० किलो. मशिनचे तास लागले १२०. सिस्टिमने माल १,५४,०००, मजुरी १८,००० आणि ओव्हरहेड ५४,००० असे एकूण २,२६,००० रुपये या ऑर्डरवर टाकले.

इथेच पहिली चूक होते, आणि ती अनुभवी माणसंही करतात. १,००० नगांचा प्लॅन होता २,००,००० रुपयांचा आणि खर्च झाला २,२६,०००, म्हणजे फरक २६,००० असं वाटतं. पण कारखान्याच्या हातात १,००० नग आलेच नाहीत. तुलना करायची ती जितके चांगले नग गोदामात जमा झाले त्यांच्या स्टँडर्डशी. ९६० नगांचे होतात १,९२,०००. सिस्टिम याला टार्गेट कॉस्ट म्हणते. प्लॅन आणि टार्गेट ही दोन वेगळी माणसं आहेत: प्लॅन ऑर्डर निघते त्या दिवशी जन्मतो, टार्गेट माल जमा होतो त्या दिवशी. खरी तफावत टार्गेटपासून मोजली जाते, म्हणून ३४,०००. प्लॅनशी तुलना केली असती तर ४० रिजेक्ट नगांचे ८,००० रुपये नजरेआड झाले असते.

हे ३४,००० तीन ओळींत विभागलेले होते. माल जास्त लागला त्याचे १९,६००, मजुरीचे तास जास्त लागले त्याचे ३,६००, आणि त्याच जास्त तासांबरोबर चढलेल्या ओव्हरहेडचे १०,८००. सॅपमध्ये एका ऑर्डरची तफावत `KKS2` या स्क्रीनवर काढतात. तिथे पहिल्या रकमेसमोर `Input quantity variance` असं नाव दिसतं. हे नाव वाचून मीटिंगमधल्या प्रत्येकाने एकच अर्थ काढला, की शॉपने माल वाया घालवला.

मी मात्र रुपये बाजूला ठेवले आणि किलो घेतले. रुपयांत बघितलं की माणूस भांडतो, किलोत बघितलं की विचार करतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. ९६० नगांना हवा होता १,९२० किलो माल, आणि गेला २,२००. म्हणजे २८० किलो जास्त. त्यातले ८० किलो तर लगेच सापडले, ४० रिजेक्ट नग, प्रत्येकी २ किलो. उरले २०० किलो. इतकं पोलाद कुठे हरवत नाही. ते चिप्स होऊन ट्रेमध्ये तरी पडतं, एंड पीस होऊन कोपऱ्यात तरी साठतं, नाहीतर मुळात आलेलंच नसतं.

स्टोअरच्या भाऊंनी बिन कार्ड काढलं. ईआरपीत सगळं किलोत असतं, पण बिन कार्डावर भाऊ बारची संख्याही लिहीत असत. ३४ बार गेले होते, शेवटच्या बारचा साधारण पावणेदोन मीटरचा तुकडा परत आला होता. एक बार सहा मीटरचा. करवतीची जाडी आणि फेसिंग धरून एका नगाला १९५ मिलिमीटर लागतात, म्हणजे एका बारमध्ये ३० नग. ३४ बार म्हणजे १,०२० नग, त्यातून परत आलेला तुकडा वजा केला की सेटिंगच्या नगांसह १,०११. संख्या चोख जुळत होती. शॉपने बार तुकड्यांत वाया घालवला नव्हता. तरी वजन मात्र जास्त होतं.

आपल्याकडे कुठल्याही वर्कशॉपमध्ये बारचं वजन काढायची एक तोंडपाठ रीत आहे. व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करा, त्याला १६२ ने भागा, आलेलं उत्तर म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. ४० चा वर्ग १,६००, भागिले १६२, म्हणजे मीटरला पावणेदहा किलोंच्या थोडं वर, सहा मीटरच्या बारचं ५९ किलो. पण ३४ बार आणि परत आलेला तुकडा यांचा हिशेब केला तर एक बार ६५ किलोंचा निघत होता. सुपरवायझरने कोपऱ्यातल्या पेटीतून एक एंड पीस उचलला आणि व्हर्नियर लावला. ४२ मिलिमीटर.

४० चा बार त्या आठवड्यात बाजारात मिळत नव्हता, म्हणून परचेसने ४२ चा आणला होता. आणि स्वस्तात आणला होता, किलोला ७० ऐवजी ६८ रुपयांनी. गेटवर वजन झालं, मटेरिअल टेस्ट सर्टिफिकेट बघितलं गेलं, ग्रेड बरोबर होती, आणि माल ४० च्या कोडवर जमा झाला. परचेसच्या रिपोर्टमध्ये २,२०० किलोंवर किलोमागे २ रुपये, म्हणजे ४,४०० रुपयांची चांगली तफावत दिसत होती. त्या कारखान्यात कच्च्या मालाचा दरही स्टँडर्डवर ठेवलेला असल्याने दराचा हा फरक माल जमा होतानाच वेगळ्या खात्यात निघून जातो, प्रॉडक्शन ऑर्डरपर्यंत पोचत नाही. एकाच गोष्टीतून परचेसला शाबासकी मिळाली आणि शॉपला बोल.

पुढचा हिशेब आता सरळ होता. ४२ च्या बारमध्ये एका नगाला २ ऐवजी २ किलो १७५ ग्रॅम लागतात. हजार नगांवर १७५ किलो. उरलेले २५ किलो सेटिंगच्या अकरा नगांचे. म्हणजे मालाच्या १९,६०० रुपयांपैकी १२,२५० जाड बारचे, ५,६०० रिजेक्शनचे आणि १,७५० सेटिंगचे. यातल्या १७५ किलोंच्या चिप्स विकून थोडे पैसे परत येतात हे खरं, पण चिप्सचा भाव बारच्या भावाच्या जवळपासही नसतो.

गोष्ट इथे थांबली नाही. जाड बार लेथवर चढवला की तो शाफ्टच्या मापाला आणायला एक कट जास्त घ्यावा लागतो. ६ मिनिटांचा जॉब ७ मिनिटांचा झाला. हजार नगांवर एकेक मिनिट, म्हणजे १६ तास ४० मिनिटं. तासांची तफावत २४ तासांची होती: ९६ हवे होते, १२० लागले. त्यातले ४ तास रिजेक्ट नगांवर गेले, १६ तास ४० मिनिटं जास्तीच्या कटवर, आणि ३ तास २० मिनिटं इन्सर्ट बदलण्यात आणि सेटिंगच्या नगांवर. रिपोर्टमध्ये हे सगळं लेबर एफिशिअन्सी या नावाखाली होतं. ऑपरेटर कमी पडला, असं ते नाव सांगतं. खरं तर ऑपरेटरने दिलेलं जास्तीचं काम पूर्ण केलं होतं.

एका तासाची किंमत मजुरी आणि ओव्हरहेड मिळून ६०० रुपये. म्हणजे जास्तीच्या कटचे १०,००० रुपये. त्यात मालाचे १२,२५० मिळवा, आणि ४,४०० वाचवण्यासाठी घेतलेल्या एका निर्णयाने ऑर्डरवर २२,२५० रुपये चढवले. रिजेक्शनचे माल-तास मिळून ८,०००, आणि बाकी किरकोळ ३,७५०. बेरीज ३४,०००. हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा रिपोर्टमधल्या तीन ओळी गायब झाल्या आणि त्यांच्या जागी तीन कारणं आली. तफावत वाचणं म्हणजे हेच: सिस्टिमने खर्चाच्या प्रकाराने पाडलेले तुकडे कारणाप्रमाणे पुन्हा जोडणं. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही, कारण माल, मजुरी आणि ओव्हरहेड ही तिन्ही खाती त्याला माहीत असतात, पण त्यांच्यामागचा जाड बार माहीत नसतो.

एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी. ४२ चा बार त्याच्या स्वतःच्या कोडवर जमा करून ऑर्डरवर दिला असता, तर सॅपने हा फरक `Input quantity variance` मध्ये न दाखवता `Resource-usage variance` मध्ये दाखवला असता, म्हणजे ठरलेल्या मालाऐवजी दुसराच माल वापरला, या नावाखाली. मग मीटिंगमध्ये पहिला प्रश्न शॉपला गेलाच नसता. चुकीच्या कोडवर केलेल्या एका नोंदीने खर्चाला दुसऱ्याचं नाव दिलं.

नोंदीचा विषय निघालाच आहे तर मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते ते सांगते. मोठ्या तफावतीची नाही, शून्य तफावतीची. बऱ्याच कारखान्यांत स्टोअरचा ताप वाचवण्यासाठी बॅकफ्लश लावलेला असतो. म्हणजे नग जमा झाले की सिस्टिम बीओएम बघून तितका माल आपोआप खर्ची टाकते. ९६० नग, प्रत्येकी २ किलो, १,९२० किलो खर्च, विषय संपला. मालाची तफावत कायम शून्य. पण तो जास्तीचा माल खरोखर गेलेलाच असतो. तो पुस्तकात तसाच शिल्लक दिसत राहतो आणि मार्चमध्ये स्टॉक मोजताना एकदम तुटीत निघतो. तेव्हा कुठला बार, कुठली ऑर्डर, कुठला आठवडा, काहीच सांगता येत नाही. तासांचंही तसंच. शिफ्टच्या शेवटी ऑपरेटर दमलेला असतो, आणि घड्याळ बघून तास टाकण्यापेक्षा नग गुणिले ६ मिनिटं टाकणं सोपं असतं. ज्या मशिनवर सहा महिने एका मिनिटाचीही तफावत नाही, तिथले तास कोणी मोजतच नाही असं खुशाल समजावं.

तफावतीची चाल बघूनही बरंच कळतं. एका जॉबवर दर ऑर्डरला साधारण तितकीच आणि त्याच बाजूची तफावत येत असेल, तर बहुतेक वेळा शॉप चुकत नसतो, स्टँडर्ड चुकलेलं असतं. डिझाइन बदललं, बीओएम दुरुस्त झाला, पण गोठवलेली किंमत जुनीच राहिली. एका ऑर्डरवर मोठी वाईट आणि तिच्या शेजारच्याच ऑर्डरवर तितकीच चांगली तफावत दिसली, तर एकीचा माल दुसरीच्या नावावर पडलाय. आणि आमच्या शाफ्टसारखी, नेहमी शांत असलेल्या जॉबवर एकदाच उसळलेली तफावत असेल, तर त्या दिवसांत काहीतरी खरं घडलेलं असतं. तेवढ्यासाठीच जिना उतरून खाली जावं. ऑर्डर अजून अर्धवट असेल तर मात्र थांबावं. सॅपमध्ये ऑर्डरचा माल पूर्ण जमा झाल्याशिवाय किंवा ती तांत्रिकदृष्ट्या बंद केल्याशिवाय तिची नेहमीची तफावत निघत नाही. तोवरचा खर्च चालू काम म्हणून धरला जातो.

आता राहिलं ओव्हरहेड. हे समजायला सगळ्यात अवघड जातं. मशिनचा घसारा, शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार, देखभालीचा करार, हा खर्च नग एक निघो की हजार, होतोच. तो नगांवर वाटायचा कसा? त्या कारखान्यात चार लेथ होत्या. सुट्ट्या आणि नेहमीच्या बिघाडाचा वेळ वजा करून प्रत्येकीचे महिन्याला २५० तास धरले होते. चौघींचे मिळून १,००० तास आणि महिन्याचा ठरलेला खर्च ४,५०,००० रुपये. म्हणून तासाला ४५०. ऑर्डरवर एक तास नोंदला गेला की ४५० रुपये विभागाच्या खात्यातून ऑर्डरवर जातात. शॉपच्या भाषेत ओव्हरहेड जिरतं. महिन्याअखेर जे जिरत नाही ते विभागाच्या खात्यावर पडून राहतं.

त्या महिन्यात प्रत्यक्ष खर्च झाला ४,६०,००० आणि ऑर्डरवर तास नोंदले गेले ९००. जिरले ४,०५,०००. न जिरलेले ५५,०००, त्यातले १०,००० बजेटपेक्षा जास्त खर्चाचे आणि ४५,००० रिकाम्या गेलेल्या १०० तासांचे. विभागाचा रिपोर्ट एवढंच सांगून थांबतो.

पण त्या ९०० तासांत काम किती झालं? सगळ्या ऑर्डरचे चांगले नग गुणिले त्यांचे स्टँडर्ड तास केले तर भरत होते ८०० तास. म्हणजे १०० तास जाड बार, रिजेक्शन, थांबलेली मशिनं यांत गेले होते, आणि आमच्या शाफ्टचे २४ तास त्यातलेच. हे १०० तास ऑर्डरवर नोंदले गेले, त्यामुळे ४५,००० रुपये विभागातून निघून ऑर्डरच्या तफावतीत जाऊन बसले. हेच काम ठरलेल्या ८०० तासांत झालं असतं, तर विभागावर न जिरलेली रक्कम ५५,००० ऐवजी १,००,००० दिसली असती. म्हणजे शॉप जितका हळू चालेल तितकं विभागाचं खातं सुंदर दिसतं! मी हे पहिल्यांदा आकड्यांत मांडून पाहिलं तेव्हा मलाच ते दोनदा तपासावं लागलं होतं. त्यामुळे ऑर्डरची तफावत आणि विभागाचं जिरणं हे दोन रिपोर्ट कधीही वेगवेगळे वाचू नयेत. खर्च झाला ४,६०,०००, काम झालं ८०० तासांचं म्हणजे ३,६०,००० चं. फरक एक लाखाचा: १०,००० जास्त खर्च, ४५,००० रिकामी मशिनं, ४५,००० गेलेला वेळ. पूर्ण चित्र एवढंच आहे, आणि ते एका रिपोर्टमध्ये कधीच नसतं.

या सगळ्या तफावतींत हातातून पैसे किती गेले, हाही प्रश्न विचारावा. जाड बारचे किलो खरंच विकत घेतलेले आहेत, ते पैसे गेले. पण ऑपरेटरला महिन्याचा पगार आहे. १६ तास जास्त लागले म्हणून त्याला कोणी जास्त दिलं नाही, आणि शेडचं भाडंही वाढलं नाही. त्या तासांची खरी किंमत त्या वेळी मशिनपुढे दुसरं काम उभं होतं का यावर ठरते. रांग असेल तर तो तास ६०० रुपयांपेक्षाही महाग पडतो, कारण एक ग्राहक थांबला. रांग नसेल आणि ओव्हरटाइमही दिला नसेल, तर तो आकडा बहुतांशी हिशेबातला आहे. सुपरवायझरला बोल लावण्याआधी हे पाहणं मी त्याला देय असलेला न्याय समजते.

न जिरलेल्या ओव्हरहेडवर एक घातक उपाय आहे आणि मार्च जवळ आला की तो हमखास सुचवला जातो. मागणी नसली तरी मशिनं चालवा, नग करा, गोदामात टाका. तास नोंदले जातात, ओव्हरहेड जिरतं, तफावत नाहीशी होते. प्रत्यक्षात तो खर्च नगांच्या किमतीत लपून गोदामात जाऊन बसतो, वर बारचे पैसे रोख जातात ते वेगळेच. नफा कागदावर सुधारतो आणि बँकेतली शिल्लक खाली येते. हिशेबाचे नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. आपल्याकडच्या एएस २ आणि इंड एएस २ या दोन्ही मानकांनुसार स्थिर ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेवर वाटायचं. उत्पादन कमी झालं म्हणून उरलेल्या नगांवर जास्त भार टाकायचा नाही, न जिरलेलं त्याच काळाच्या खर्चात धरायचं. माल, मजुरी यांची नेहमीपेक्षा जास्त झालेली नासाडीही साठ्याच्या किमतीत धरता येत नाही. म्हणजे आमच्या जाड बारचे पैसे शाफ्टच्या किमतीत मिसळून पुढच्या वर्षात ढकलण्याची सोय नाही. पण मागणीशिवाय भरलेलं गोदाम मानकं वाचून सापडत नाही. ते पाहायला न जिरलेल्या ओव्हरहेडशेजारी तयार मालाचा साठा किती वाढला तो आकडा ठेवावा लागतो. एक उतरला आणि दुसरा त्याच महिन्यात चढला, की उत्तर समोर असतं.

पुढच्या मीटिंगला मी तोच रिपोर्ट नेला, फक्त त्याच्या खाली फळ्यावरची तीन कारणं लिहिली आणि परचेसचे ४,४०० त्याच पानावर मांडले. परचेसच्या साहेबांनी ते पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, की त्या दिवशी ४० चा बार मिळेपर्यंत चार दिवस थांबलो असतो तर पंपवाल्यांनी किती दंड लावला असता. प्रश्न रास्त होता. दंड २२,२५० पेक्षा जास्त असता तर जाड बार घेणंच शहाणपणाचं होतं. करार काढून पाहिला. पहिल्या सात दिवसांच्या उशिराला दंडच नव्हता.

त्या कारखान्यात आता गाडी आली की स्टोअरचे भाऊ बारला आधी व्हर्नियर लावतात, मग तो वजनकाट्यावर जातो. ४२ चा बार कधी आणावाच लागला तर तो स्वतःच्या कोडवर जमा होतो, आणि त्यावर काढायच्या ऑर्डरला राउटिंगमध्ये ७ मिनिटं धरली जातात.